कढई पेटली तर कोणता अग्निशामक?

घरासाठी अग्निशामक घ्यायला गेलं की दुकानदार बहुधा एकच वस्तू पुढे करतो: लाल रंगाचा, एक किंवा दोन किलोचा, 'एबीसी' लिहिलेला. सगळ्या प्रकारच्या आगींना चालतो, असं सांगून तो दिला जातो आणि आपण तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओट्याशेजारी टांगतो. त्या भिंतीपासून दोन हातांवर वर्षभर जी आग लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, ती तापलेल्या तेलाची. आणि नेमक्या त्याच आगीपुढे हा अग्निशामक कमी पडतो.

हे समजायला कढईत काय घडतं ते आधी पाहू. चकल्या किंवा पुऱ्या तळताना तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसला असतं. कढई गॅसवर तशीच राहिली, कुणी दारावरची बेल वाजली म्हणून बाहेर गेलं, फोनवर बोलणं लांबलं, तर तेल तापत जातं. सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास बहुतेक रिफाइंड तेलांतून निळसर धूर निघू लागतो आणि डोळे चुरचुरतात. हा शेवटचा इशारा. तरीही गॅस चालूच राहिला, तर साडेतीनशे अंशांच्या आसपास तेल ठिणगीशिवाय, आपल्या आपणच पेट घेतं. कोणतं तेल आहे आणि ते किती वेळा तळून झालंय यावर हा आकडा थोडा खालीवर होतो. जुनं, वापरलेलं तेल लवकर पेटतं.

इथे सगळी मेख आहे. कागद किंवा लाकूड पेटलं तर त्यावरची ज्वाळा विझवली की काम बहुतेक झालं. कढईतल्या तेलाची ज्वाळा विझवली तरी खालचं दीड लिटर तेल साडेतीनशे अंशांवरच असतं. त्याला पेटायला ठिणगी नको, फक्त हवा हवी. ज्वाळा गेल्यावर हवा आली की ते पुन्हा भडकतं. म्हणून तेलाची आग विझवायची तर दोन कामं करावी लागतात: हवा तोडून ठेवायची, आणि तेल त्या पेटत्या तापमानाच्या बरंच खाली येईपर्यंत ती तुटलेलीच ठेवायची.

पाणी का नाही, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण त्यामागचं कारण एकदा नीट समजलं की घाबरलेल्या क्षणीही हात मागे राहतो. पाणी तेलापेक्षा जड. ते कढईच्या तळाशी जातं, तिथे तत्क्षणी वाफ होतं, आणि वाफ होताना पाण्याचं आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. अर्धा पेला पाण्याची वाफ तळातून वर उसळते ती पेटतं तेल बारीक थेंबांत उडवत. प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी हवा मिळते आणि आगीचा गोळा थेट छतापर्यंत जातो. पाण्याचा अग्निशामक असो, नळाखालचं पातेलं असो की निथळणारा ओला टॉवेल, परिणाम तोच.

ओल्या टॉवेलबद्दल जास्त सांगायला हवं. गॅस एजन्सीची माणसं प्रात्यक्षिकात पेटत्या सिलिंडरच्या तोंडावर ओलं फडकं किंवा गोणपाट टाकून आग विझवून दाखवतात. ते तिथे बरोबर आहे, कारण तिथे जळतोय तो वायू, तेल नव्हे. प्रेक्षकांच्या मनात मात्र 'स्वयंपाकघरातली आग म्हणजे ओलं फडकं' एवढंच राहतं, आणि तेच फडकं कढईवर पडतं. या दोन आगी वेगळ्या आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवायला हवं.

आता लाल अग्निशामकाकडे येऊ. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ही पावडर ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडते आणि ज्वाळा क्षणात खाली बसते. लाकूड, कपडा, सोफा यांवर पडली तर उष्णतेने वितळून चिकट थर धरते, त्यामुळे निखारा पुन्हा पेटत नाही. घरगुती आगींसाठी ती खरोखर गुणी आहे. पण कढईत तिच्या दोन उणिवा उघड्या पडतात. एक, ती तेल थंड करत नाही. दोन किलोचा अग्निशामक आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो, पावडरचा ढग बसतो, आणि तेल अजून तेवढंच तापलेलं असतं. दोन, तिचा झोत जोराचा असतो. घाबरलेला माणूस जवळ जाऊन थेट कढईत मारतो तेव्हा तेल उसळून ओट्यावर, भिंतीवर, कधी अंगावर येतं.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचं कढईपुढे याहूनही वाईट. त्याचा झोत तर अधिकच जोराचा, आणि तो वायू बाहेर पडल्यावर काही सेकंदांत विरून जातो. तेलाला तो पुरेसं थंड करत नाही, मागे आवरण ठेवत नाही, आणि झोताने तेल बाहेर फेकलं जाण्याची भीती मोठी.

तेलाच्या आगीसाठी खास बनवलेला प्रकार वेगळा आहे. त्याला वेट केमिकल म्हणतात. आपल्या बाजारात तो 'के टाइप' या नावानेही मिळतो. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं, बहुधा पोटॅशियम ॲसिटेट, कार्बोनेट किंवा सायट्रेट. ते नळीतून बारीक, हळुवार फवाऱ्याच्या रूपात पडतं. हे अल्कधर्मी क्षार तापलेल्या तेलाशी संयोग पावून पृष्ठभागावर साबण तयार करतात. होय, साबणच; तेल आणि अल्कली मिळून साबण होतो तीच ही क्रिया. हा फेसाळ थर कढईवर सायीसारखा धरतो आणि हवा तोडून ठेवतो, तर फवाऱ्यातलं पाणी बारीक थेंबांमुळे तळाशी न जाता वरच्या वर वाफ होऊन तेलाची उष्णता खेचून नेतं. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कामं एकाच वेळी होतात. एबीसी पावडर आम्लधर्मी असल्यामुळे तिच्याने साबण होत नाही, उलट झालेला थर ती बिघडवते. म्हणून आधी एक आणि मग दुसरा असा प्रयोग करू नये.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत हा धडा आधी शिकला गेला. पूर्वी तिथे सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटची पावडर चालत असे, आणि जनावरांच्या चरबीवर ती बऱ्यापैकी साबणही करी. पुढे वनस्पती तेलं आली, ती जास्त तापमानाला पेटणारी. तळण्याची यंत्रंही उष्णता धरून ठेवणारी झाली. विझवलेलं तेल पुन्हा पेटू लागलं. त्यानंतर अमेरिकेत १९९४ मध्ये हॉटेलांच्या अग्निशमन यंत्रणांसाठी यूएल ३०० हे कडक प्रमाणक लागू झालं आणि वेट केमिकल हाच तिथला नेम झाला.

मग प्रत्येक घराने वेट केमिकल घ्यावा का? माझं मत असं: रोज कढईभर तेलात तळण होत असेल, घरगुती डबे किंवा फराळाचा व्यवसाय असेल, तर दोन लिटरचा वेट केमिकल घ्यावाच. आठवड्यातून एकदा पुऱ्या-भजी होणाऱ्या घरात पहिलं साधन अग्निशामक नव्हे, झाकण आहे. कढईपेक्षा मोठं, धातूचं, चपटं झाकण किंवा स्टीलची परात तळायला बसण्याआधी ओट्यावर हाताशी ठेवायची. काचेचं झाकण नको, ते उष्णतेने फुटतं. तेल पेटलं तर गॅसचा खटका बंद करायचा. खटक्यावर ज्वाळा असेल तर हात तिथे न घालता ओट्याखालचा रेग्युलेटर बंद करायचा. पाइपच्या गॅसची जोडणी असेल तर शेगडीजवळच्या नळीवरची चावी फिरवायची. तिची दांडी नळीला आडवी झाली की गॅस बंद. चिमणी चालू असेल तर तीही बंद करायची, नाहीतर ती ज्वाळा वर ओढते आणि जाळीत साचलेल्या तेलकट थराला पेटवते. मग झाकण पुढे ढालीसारखं धरून, आपल्या बाजूने कढईच्या काठावर टेकवून, पलीकडे सरकवत न्यायचं. वरून टाकायचं नाही. आणि एकदा बसवलं की किमान अर्धा तास उचलायचं नाही, कढई हलवायची नाही. पेटती कढई उचलून बाल्कनीत किंवा मोरीत नेणं हा भाजण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे; चालताना ज्वाळा आपल्याच दिशेने येते आणि तेल हिंदकळतं.

झाकण हाताशी नाही आणि घरात फक्त एबीसी आहे, तर? तोही वापरावा, पण रीत बदलून. दोन-अडीच मीटर मागे उभं राहायचं, पाठ दाराकडे ठेवायची, आणि झोत कढईत न मारता पावडरचा ढग कढईवर येऊन पडेल असा धरायचा. ज्वाळा बसली की लगेच गॅस बंद आणि कढईवर परात. ज्वाळा बसल्यावर थांबून सुटकेचा श्वास घेणारे लोकच दुसऱ्यांदा पेटलेल्या तेलासमोर सापडतात, आणि तोवर अग्निशामक रिकामा झालेला असतो. वेट केमिकल असेल तर लांब नळी पुढे धरून, एक-दीड मीटरवरून, कढईच्या पृष्ठभागावर गोलगोल फवारायचं आणि ज्वाळा गेल्यावरही अग्निशामक संपेपर्यंत फवारत राहायचं, कारण खरं काम थंड करण्याचं आहे.

गॅसगळतीची आग हा स्वयंपाकघरातलाच तिसरा विषय. इथे एबीसी पावडर चालते, पण आधी एक गोष्ट पाहायची: गॅस बंद करता येतोय का? रेग्युलेटरपर्यंत हात पोहोचत असेल तर तो बंद केला की आग आपोआप जाते. पोहोचत नसेल तर ज्वाळा विझवून उपयोग नाही, उलट धोका वाढतो. जळणारा वायू निदान जळून जातो. विझवलेल्या ज्वाळेतून सुटणारा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि फ्रिजच्या एका ठिणगीने सगळं घर उडू शकतं. अशा वेळी पावडर मारायची ती फक्त रेग्युलेटरपर्यंत वाट काढण्यासाठी. तेही शक्य नसेल तर सगळ्यांना बाहेर काढून १०१ वर कळवायचं. आग नाही पण गॅसचा वास येतोय, अशा वेळी एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. फोन मात्र घराबाहेर जाऊन करायचा.

विजेच्या बोर्डाची आग कढईच्या बरोबर उलट वागते. तिचं इंधन थोडं असतं, प्लास्टिक आणि वायरचं आवरण एवढंच, पण उष्णता पुरवणारा प्रवाह चालू असतो. एक नेहमी आढळणारं उदाहरण घेऊ. गीझरच्या एमसीबीचा स्क्रू वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सैल होतो. दोन हजार वॉटचा गीझर साधारण नऊ अँपिअर ओढतो. एमसीबी सोळा अँपिअरचा. प्रवाह मर्यादेत आहे, म्हणून एमसीबी पडत नाही. पण सैल जोडावर तोच प्रवाह उष्णता निर्माण करतो, प्लास्टिक पिवळट-तपकिरी होतं, सडक्या मासळीसारखा वास येऊ लागतो, आणि एखाद्या सकाळी गीझर चालू असताना बोर्डातून धूर निघतो. एमसीबी जास्तीच्या प्रवाहापासून राखतो, सैल स्क्रूपासून नाही. म्हणून तसा वास किंवा तसा डाग दिसला की गीझर बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. अग्निशामकापर्यंत गोष्ट जाऊच नये.

धूर निघालाच तर पहिलं काम प्रवाह तोडणं. मेन स्विच त्याच बोर्डात असतो ही इथली अडचण. बोर्ड नुसता धुमसत असेल तर कोरड्या हाताने मेन पाडता येतो. ज्वाळा असेल तर तिथे हात घालू नये. खाली मीटर रूममध्ये जाऊन आपल्या फ्लॅटचा स्विच पाडावा. आपला मीटर आणि स्विच नेमका कोणता, त्यावर फ्लॅटचा क्रमांक स्पष्ट लिहिला आहे का, मीटर रूमला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, हे आजच जाऊन पाहून यावं. कितीतरी सोसायट्यांत ते क्रमांक पुसलेले असतात. आणि लक्षात ठेवावं की घरातला मेन पाडला तरी त्याच्या आधीची, मीटरकडून येणारी वायर जिवंतच असते.

या आगीला कार्बन डायऑक्साइड उत्तम. तो वीज वाहत नाही आणि मागे काही ठेवत नाही. वायरमनला बोर्ड उघडून लगेच काम करता येतं. एबीसी पावडरही कोरडी असल्याने वीज वाहत नाही, म्हणून दुसरं काही नसेल तर ती बेलाशक वापरावी. मात्र ती हवेतला ओलावा धरते आणि धातू खाते. बोर्डावर मारलेली पावडर शेजारच्या टीव्ही, राउटर, इन्व्हर्टरमध्येही शिरते, आणि आग विझली तरी पुढच्या काही आठवड्यांत ती उपकरणं बिघडू लागतात. वेट केमिकल, फोम किंवा पाणी चालू विजेवर नको.

कार्बन डायऑक्साइडच्या मर्यादाही मोठ्या आहेत. त्याचा मारा एक-दोन मीटरपुरताच. बाल्कनीतल्या वाऱ्यात तो उडून जातो. बाहेर पडताना तो उणे ७८ अंशांचा बर्फ बनवतो, त्यामुळे काळ्या कर्ण्याला उघड्या हाताने धरलं तर कातडी जळल्यासारखी होते, दांडाच धरावा. लहान बंद खोलीत तो माणसालाही गुदमरवतो, म्हणून मारून झालं की बाहेर यावं. प्रवाह तोडला नसेल तर सैल जोड पुन्हा तापतो आणि वायू विरल्यावर आग परत येते.

आता हे सगळं एका खऱ्या आकाराच्या घरात बसवून पाहू. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. ओटा आत, त्याला लागून ड्राय बाल्कनी. हॉलमध्ये मुख्य दारामागे विजेचा बोर्ड, पॅसेजमध्ये इन्व्हर्टर. एकच अग्निशामक घ्यायचा तर मी दोन किलोचा एबीसी घेईन आणि तो ओट्याशेजारी न टांगता स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हॉलच्या बाजूला टांगेन. ओट्याशेजारी असला तर आग लागल्यावर तो ज्वाळेपलीकडे राहतो. दाराबाहेर असला की बोर्ड, इन्व्हर्टर आणि सोफा हे सगळे त्याच्या टप्प्यात येतात, आणि माणूस आगीकडे जातो तो पाठीशी मोकळी वाट ठेवून. एक किलोचा घेऊ नये. तो संपण्याआधी नेम बसत नाही. पाच-सहा किलोचा घरातल्या वयस्कांना उचलवत नाही. दुसरा घ्यायची ऐपत असेल आणि तळण बरंच होत असेल तर दोन लिटरचा वेट केमिकल. तिसरा क्रमांक बोर्डाजवळच्या दोन किलो कार्बन डायऑक्साइडचा. तो महाग आणि जड आहे, आणि मेन स्विच पाडणं त्याचं बरंचसं काम करून जातं. त्यापेक्षा तळमजल्याच्या मीटर रूमबाहेर साडेचार किलोचा असावा, हा आग्रह सोसायटीच्या सभेत धरण्यासारखा आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांना परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घेताना मीटर रूमचा अग्निशामक प्रत्यक्ष पाहिला का, हे विचारावं.

खरेदी करताना अक्षरांनी फसू नये. आपल्याकडे आणि युरोपात 'सी' म्हणजे वायूची आग. तेलाच्या आगीला 'एफ'. अमेरिकेत 'सी' म्हणजे विजेची आग आणि तेलाला 'के'. ऑनलाइन जाहिरातींत दोन्ही पद्धतींची सरमिसळ होते. परदेशातून कुणी आणलेल्या अग्निशामकावरचं 'सी' आणि इथल्या लेबलवरचं 'सी' एक नव्हेत. म्हणून अक्षरापेक्षा लेबलवरचं चित्र आणि मजकूर वाचावा: कढईचं चित्र आहे का, चालू विजेवर वापरा किंवा वापरू नका असं लिहिलं आहे का. आयएसआयची खूण आणि आयएस १५६८३ हा क्रमांक पाहावा. सुगंधी फवाऱ्याच्या डब्याएवढे छोटे अग्निशामक गाडीत ठेवायला ठीक, पण पेटत्या कढईपुढे त्यांचा भरवसा धरू नये.

भिंतीवर टांगल्यावर एबीसीच्या काट्याकडे महिन्यातून एकदा पाहावं; तो हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. कार्बन डायऑक्साइडला काटाच नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरून कळतं, आणि आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर तो भरून घ्यावा लागतो. पिनेला लावलेलं सील तुटलेलं असेल, तर कुणीतरी दांडा दाबून पाहिला आहे असं समजावं. एबीसी एकदा दोन सेकंद जरी दाबला तरी पावडरचे कण झडपेत अडकतात, झडप पुरती बंद होत नाही आणि दाब हळूहळू निसटतो. काटा त्या दिवशी हिरव्यात दिसला तरी काही दिवसांत तो लाल पट्ट्यात उतरतो. म्हणून चालतो का हे पाहण्यासाठी तो दाबून बघू नये, आणि थोडासा वापरला तरी पुन्हा भरून घेतल्याशिवाय भिंतीवर टांगू नये.